चिकणमाती आणि वाळूच्या थरांतून जाणारा बोअर पाइल: खाडीकाठच्या एका बोअरहोलचा हिशेब

मुंबईत पाइल म्हटले की डोळ्यांपुढे खडक येतो. शहराच्या बऱ्याच भागात ते बरोबरच आहे. वर भराव, खाली मुरूम, मग झिजलेला बेसाल्ट किंवा ब्रेशिया, आणि पाइलचे टोक त्या खडकात रुतवायचे. त्याचा हिशेब वेगळा असतो, तो इथे घेत नाही. पण खाडीकाठच्या खाजणात कधीकधी खडक बराच खोल जातो आणि वर येणारी इमारत इतकी जड नसते की तिथपर्यंत उतरणे परवडावे. अशा वेळी पाइल मातीतच थांबवावा लागतो. वरची काळी चिकणमाती, मधली वाळू, परत चिकणमाती, परत वाळू, अशा थरांतून त्याने भार कसा पेलायचा हे आपल्याला कागदावर सांगता यायला हवे.

आमच्या ऑफिसात नव्याने येणारी मुले सूत्रे पाठ करून आलेली असतात. तरी एकाच बोअर लॉगवरून दोन मुलांची उत्तरे तिपटीने वेगळी येतात. सूत्र दोघांचे तेच असते. फरक पडतो तो दोन ठिकाणी: वरच्या मऊ चिकणमातीचे घर्षण जमेला धरायचे की नाही, आणि वाळूतला दाब किती खोलीपर्यंत वाढू द्यायचा. या लेखात भर त्या दोन गोष्टींवरच आहे.

आधी बोअर लॉग नीट वाचा

हिशेबासाठी मी खाली एक बोअरहोल मांडले आहे. ते कुठल्या एका साइटचे नाही, पण खाडीकाठी जे दिसते त्याच धाटणीचे आहे. पाइलचा व्यास ६०० मिलिमीटर, कट-ऑफ लेव्हल जमिनीखाली १.५ मीटर, टोक २१ मीटरवर. बोअरहोल २६ मीटरपर्यंत नेलेले आहे आणि शेवटपर्यंत तीच घट्ट वाळू लागली आहे. हे आवर्जून सांगतो, कारण टोकाखाली चार-पाच मीटर काय आहे ते माहीत नसेल तर टोकाची क्षमता काढायला बसूच नये. दोन मीटरवर पुन्हा मऊ थर असेल तर वाळूची पाटी फोडून पाइल खाली जाऊ शकतो.

| खोली (मीटर) | थर | पाण्याखालचे घनभार (किलोन्यूटन/घनमीटर) | ताकद |
|---|---|---|---|
| ०–२ | मुरमाचा नवा भराव | ८ | धरायची नाही |
| २–९ | मऊ काळी चिकणमाती | ५.५ | संसक्ती १८ |
| ९–१४ | मध्यम घट्ट वाळू, थोडी गाळमिश्रित | ९ | घर्षणकोन ३२ अंश |
| १४–१८ | घट्ट पिवळी चिकणमाती | ९ | संसक्ती ७५ |
| १८–२६ | घट्ट वाळू, बारीक, गाळमिश्रित | १० | घर्षणकोन ३३ अंश |

संसक्ती किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये आहे. पाण्याची पातळी मी जमिनीलगत धरली आहे. बोअर मे महिन्यात घेतले आणि लॉगवर पाणी अडीच मीटरवर लिहिले असले, तरी जुलैत भरतीच्या वेळी त्याच जागी काय असते ते खाडीकाठी राहणाऱ्याला विचारा.

शेवटच्या रकान्यातले आकडे कुठून आले हे प्रत्येक थराला वेगळे विचारायचे. काळ्या चिकणमातीत एसपीटीचा एन शून्य, एक, दोन असा येतो. हातोडा न मारता रॉडच्या वजनानेच सॅम्पलर खाली जातो. त्या एनवरून संसक्ती काढणे म्हणजे अंदाजावर अंदाज. इथे वेन शिअर चाचणी हवी, किंवा निदान पातळ नळीतून काढलेला नमुना. नमुना हातात आला की त्याचा एक तुकडा मुठीत दाबून बघा: तो बोटांच्या फटींतून सहज बाहेर येतो, शिंपल्यांचे बारीक तुकडे टोचतात आणि कुजलेल्या वनस्पतीचा वास येतो. पिवळ्या चिकणमातीत अंगठा जेमतेम उमटतो. लॉगवर दोन्ही ठिकाणी नुसते ‘क्ले’ लिहिलेले असेल तर पेटीतले नमुने मागवा.

वाळूतली चूक वेगळ्या जातीची असते. पाण्याखालच्या वाळूत बोअर घेताना आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली, की तळातून पाणी आत उसळते आणि वाळू सैल होऊन वर येते. मग एन फसवा, कमी येतो. लॉगमध्ये शेजारच्या नोंदी ३२, ३५ आणि मध्येच ९ असेल, तर तिथे सैल वाळू आहे असे मानण्याआधी ड्रिलरला विचारा की बेलर भरभर उपसला होता का. उलट, बारीक गाळमिश्रित वाळूत पाण्याखाली एन जास्तही येतो, म्हणून त्याला दुरुस्ती लागते. आपल्या तळच्या वाळूत नोंद ३५ आहे. वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती केल्यावर ती सुमारे २९ होते. १५ च्या वरचा अर्धाच भाग धरायचा या नियमाने ती २२ वर येते, आणि तिथून ३३ अंश. थेट ३५ वरून कोन वाचला असता तर ३६-३७ आला असता, आणि टोकाच्या गुणकात या तीन-चार अंशांनी फार मोठा फरक पडतो.

सूत्र

आपल्याकडे आयएस २९११ भाग १ विभाग २ (२०१०) यातले स्थिर सूत्र वापरतात. ते चार ओळींत मावते:

```
चिकणमाती : घर्षण = α × c × As
            टोक  = 9 × c × Ap
वाळू      : घर्षण = K × P × tan δ × As
            टोक  = (P × Nq + 0.5 × γ × D × Nγ) × Ap
```

As म्हणजे त्या थरातल्या पाइलच्या बाजूचे क्षेत्रफळ, Ap म्हणजे टोकाचे, आणि P म्हणजे त्या खोलीवरचा मातीचा परिणामी दाब, पाण्याचा दाब वजा करून. ६०० मिलिमीटर पाइलची बाजू दर मीटरला १.८८५ चौरस मीटर आणि टोक ०.२८३ चौरस मीटर. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

अल्फा मऊ मातीत १ च्या आसपास असतो आणि माती घट्ट होत जाते तसा उतरतो. ७५ संसक्तीला मी ०.५ धरतो. के साठी कोड बोअर पाइलला १ ते १.५ अशी मुभा देतो. मी १ च्या वर जात नाही, कारण बोअर घेताना बाजूची वाळू मोकळी होते आणि बेंटोनाइटचा पापुद्रा भिंतीवर राहतो. पाइल आणि वाळूमधला कोन वाळूच्या कोनाइतकाच.

दाब किती खोलीपर्यंत वाढू द्यायचा

आता वरून खाली दाब मोजत जा. २ मीटरवर १६. काळी चिकणमाती संपते तिथे, ९ मीटरवर, ५४.५. १४ मीटरवर ९९.५, १८ वर १३५.५ आणि २१ मीटरवर १६५.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

हे आकडे तसेच सूत्रात घातले तर टोकालाच १४३३ किलोन्यूटन मिळतात. नवा मुलगा इथेच खूश होतो. पण कोड सांगतो की पाइलच्या हिशेबात हा दाब एका ठरावीक खोलीनंतर वाढलेला धरायचा नाही. ती क्रांतिक खोली घर्षणकोन ३० अंश किंवा कमी असेल तर व्यासाच्या १५ पट, ४० अंशांना २० पट, मधल्या कोनांना मधली. आपल्या ३३ अंशांना साधारण १६.५ पट, म्हणजे ९.९ मीटर. तिथला दाब ६२.६. मी ६२ धरतो आणि त्याखाली सगळीकडे तोच ठेवतो.

मर्यादा पाळायची तर ती मोजायची कुठून? काही जण म्हणतात की वरची मऊ माती धरूच नका, वाळू सुरू होते तिथून पंधरा-सोळा व्यास मोजा. तसे केले तर मर्यादा साधारण १९ मीटरवर जाते आणि ६२ च्या दुपटीहून जास्त दाब वापरता येतो. त्यामागे विचार आहे, हे नाकारत नाही. मोठ्या खोलीवर टोकाची क्षमता एकदम थांबते असे नसून ती हळूहळू मंदावते, असेही अभ्यासक सांगतात. पण जिथे चाचणी अजून झालेली नाही, तिथे मी कोडप्रमाणे जमिनीपासूनच मोजतो. चाचणीत जास्त निघाले तर पाइल कमी करता येतात. कमी निघाले तर तोवर केज बांधून तयार असतात.

आता थर मोजू

वरची काळी चिकणमाती तूर्त बाजूला ठेवू, तिच्याकडे परत यायचे आहे.

९ ते १४ मीटरच्या वाळूत दाब ६२, त्याला ३२ अंशांचा टॅन ०.६२५ लावला की ३८.७. पाच मीटरची बाजू ९.४२ चौरस मीटर. घर्षण ३६५ किलोन्यूटन.

१४ ते १८ मीटरच्या पिवळ्या चिकणमातीत ०.५ गुणिले ७५ म्हणजे ३७.५, चार मीटरची बाजू ७.५४. घर्षण २८३.

१८ ते २१ मीटरच्या वाळूत ६२ गुणिले ०.६४९ म्हणजे ४०.२, तीन मीटरची बाजू ५.६५. घर्षण २२८.

टोकासाठी ३३ अंशांना एनक्यू मी ३० धरला आणि एनगॅमा ३५. पहिले पद १८६०, दुसरे १०५. ते दुसरे पद नेहमीच असे किरकोळ असते, त्यावर डोके शिणवू नका. बेरीज १९६५ गुणिले ०.२८३, म्हणजे ५५६ किलोन्यूटन.

टोक वाळूत किती शिरले आहे तेही बघा. चिकणमातीतून येऊन वाळूत थांबणाऱ्या पाइलला कोड किमान दोन व्यास शिरायला सांगतो. आपण पाच व्यास शिरलो आहोत. हाच पाइल १८ मीटरच्या जरा वर, पिवळ्या चिकणमातीत थांबवला असता, तर टोकाला ९ गुणिले ७५ या हिशेबाने जेमतेम १९१ मिळाले असते. शेवटचे ते तीन मीटर म्हणूनच खोदायचे.

चारही आकड्यांची बेरीज १४३२. सुरक्षा गुणक २.५. उत्तर ५७३ किलोन्यूटन, साइटच्या भाषेत ५८ टन.

टोकाबद्दल एक तपासणी लगेच करून घ्या. बोअर पाइलच्या बाजूचे घर्षण काही मिलिमीटर हालचालीतच जागे होते. टोक मात्र पूर्ण ताकदीला यायला व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे इथे ६० मिलिमीटर दबावे लागते. आणि तळात गाळ बसलेला असेल तर आधी तो गाळच दबतो. म्हणून नुसत्या घर्षणाची बेरीज करून पाहायची: ३६५, २८३ आणि २२८ मिळून ८७६. आपला ५७३ त्याच्या आत आहे, म्हणजे रोजच्या भाराला पाइल टोकाकडे फारसा न झुकता उभा राहील. हा आकडा ५७३ च्या खाली आला असता, तर मी व्यास वाढवण्याऐवजी लांबी वाढवली असती.

काळी चिकणमाती: जमेला की खर्ची

माझ्या पहिल्या वर्षी मी असाच एक हिशेब सरांपुढे ठेवला होता. त्यात मऊ मातीची ओळ होती: संसक्ती १८, अल्फा १, सात मीटर, २३८ किलोन्यूटन जमा. सरांनी लाल पेन्सिलीने अधिकचे चिन्ह खोडून वजाचे केले आणि एवढेच विचारले, “भराव कधी टाकलाय?”

प्रश्न तोच आहे. पाइलला मातीचा आधार तेव्हाच मिळतो, जेव्हा पाइल मातीच्या मानाने खाली जातो. इथे दोन मीटर नवा मुरूम पसरलेला आहे. त्याच्या वजनाने खालच्या सात मीटर चिकणमातीतले पाणी हळूहळू पिळून निघणार आणि ती पुढे कित्येक महिने, कदाचित कित्येक वर्षे खचत राहणार. पाइल मात्र खालच्या वाळूत टेकलेला आहे. म्हणजे माती पाइलच्या मानाने खाली जाते, आणि जाताना पाइलला धरून खाली ओढते. जे घर्षण तुम्ही आधार म्हणून लिहिले, तोच भार होतो. याला नकारात्मक घर्षण म्हणतात. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी पाणी उपसले तरी हेच होऊ शकते, भराव नसतानासुद्धा.

आपल्याकडची रूढ रीत अशी: आधार देणाऱ्या थरांची सुरक्षित क्षमता काढा आणि त्यातून ही ओढ पूर्ण वजा करा. ५७३ वजा २३८, म्हणजे ३३५ किलोन्यूटन. ३४ टन. इमारतीचा भार पाइलवर एवढाच ठेवायचा.

ही ओढ परिणामी दाबावरूनही काढता येते. थरातला सरासरी दाब ३५, त्याचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे ७ ते ९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तसे केले तर ओढ २३८ ऐवजी शंभराच्या जवळ येते. मी दोन्ही काढतो आणि पहिल्या मसुद्यात मोठी धरतो. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाइल खरोखर कोसळायच्या बेताला आला, तर तो मातीपेक्षा जास्त खाली जाईल आणि ओढ नाहीशी होईल. म्हणजे काटेकोर बोलायचे तर ही ओढ अंतिम क्षमता खात नाही, ती पाइलला दाबते आणि खचवते. पण इमारतीला तडे खचण्यानेच जातात, म्हणून वजाबाकीची रीत मला मान्य आहे.

भराव जुना असेल, दहा-वीस वर्षांचा, आणि आजूबाजूचे रस्ते, गटारे, कुंपणाच्या भिंती स्थिरावलेल्या दिसत असतील, तर ओढ न धरता त्या थराला शून्य द्यायचे. जमेला मी तो तेव्हाही धरत नाही.

आता तुलना करा. दाबाला मर्यादा नाही, मऊ माती जमेला, असा हिशेब केला तर याच पाइलची एकूण क्षमता २९५९ आणि सुरक्षित ११८४ किलोन्यूटन येते. सुमारे १२० टन. आपले उत्तर ३४ टन. बोअरहोल तेच, सूत्र तेच, कोडही तोच.

साइटवर हा आकडा कुठे गळतो

कागदावरचे ५५६ किलोन्यूटनचे टोक तळ स्वच्छ असेल तरच आहे. बोअर पूर्ण झाल्यावर वजन बांधलेला टेप सोडून खोली मोजा. केज उतरवल्यावर परत मोजा. ट्रेमीतून काँक्रीट सुरू होण्याच्या अगदी आधी तिसऱ्यांदा मोजा. पहिली २१.०० आणि तिसरी २०.७० असेल, तर तळात तीस सेंटिमीटर वाळूचा गाळ बसला आहे. परत फ्लशिंग करायचे. वजन तळाला टेकताना हाताला कळतेही: स्वच्छ तळावर ते टणकन थांबते, गाळात ते लोण्यात सुरी जावी तसे मऊ बसते.

घर्षण गळते ते वेळेने. बोअर रात्रभर बेंटोनाइट भरून उभे राहिले, तर भिंतीवरचा पापुद्रा जाड होतो. काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकणार असेल, तर शेवटचे तीन मीटर गाडी निघाल्याचा फोन आल्यावर खोदा. आणि मऊ चिकणमातीत लायनर पुरेसा खाली नेलेला नसेल, तर माती आत सरकते आणि पाइलला तिथे कंबर पडते. ती काँक्रीटच्या हिशेबात दिसते: दर मीटरला ०.२८३ घनमीटर लागायला हवे. त्यापेक्षा कमी लागले, की तिथेच काम थांबवून विचार करा. जास्त लागणे नेहमीचे आहे.

लोड टेस्ट वाचताना

चाचणीसाठी आयएस २९११ भाग ४ आहे. सुरुवातीच्या चाचणी पाइलला कामाच्या भाराच्या अडीच पट, नेहमीच्या पाइलला दीड पट. ६०० मिलिमीटरच्या पाइलला १२ मिलिमीटर खचण्याला जो भार लागतो त्याचा दोन-तृतीयांश, किंवा ६० मिलिमीटरला लागणाऱ्या भाराचा निम्मा, यांतला कमी तो सुरक्षित भार.

पण आपल्या या पाइलवर तो नियम तसाच लावला तर फसगत होते. चाचणी दोन दिवसांत आटोपते. तेवढ्या वेळात चिकणमाती खचत नाही, जॅक पाइलला खाली ढकलतो, आणि ती काळी माती आधार देऊ लागते. तेच २३८ किलोन्यूटन, उलट्या दिशेने. कामाचा भार ३३५ धरून दीडपट म्हणजे ५०३ किलोन्यूटन लावले, तर त्यातले २३८ वरच अडकतात आणि खालच्या वाळूपर्यंत जेमतेम २६५ पोहोचतात. प्रत्यक्षात पुढे त्या थरांवर इमारतीचे ३३५ आणि ओढीचे २३८ मिळून ५७३ यायचे आहेत. म्हणजे चाचणी छान पास होते आणि ज्या थरांवर सगळे उभे आहे, त्यांची परीक्षा निम्मीही झालेली नसते.

खालच्या थरांना ५७३ ची दीडपट, म्हणजे ८६० दाखवायचे असतील, तर जॅकवर त्यात २३८ मिळवून जवळपास ११०० किलोन्यूटन लावावे लागतात. त्याप्रमाणे केंटलेज किंवा अँकर आणि पाइलचे काँक्रीट आधीच ठरवावे लागते, म्हणून हा आकडा टेंडरच्या कागदातच लिहा. दुसरा मार्ग म्हणजे चाचणीच्या पाइलला मऊ मातीच्या पूर्ण खोलीपर्यंत दुहेरी नळी घालून ती माती पाइलपासून वेगळी ठेवणे. खर्च वाढतो, पण मग जॅकवरचा प्रत्येक किलोन्यूटन खाली वाळूपर्यंत जातो आणि आलेख जे सांगतो ते तसेच वाचता येते.